लॉक-इन संपला, तरी डिपॉझिट अडकलं: पर्वरीतल्या एका पत्राचं प्रकरण

"मामा, ते म्हणतात करार ३० एप्रिलपर्यंत होता. मी जानेवारीत सोडलं, म्हणून डिपॉझिट जप्त."

भाचीचा हा फोन आला तेव्हा मी म्हापशाच्या कोर्टातून बाहेर पडत होतो. तिला एवढंच सांगितलं, "बाय, करार, त्यांची मेल आणि तुझी मेल, तिन्ही छापून आण. फोनवर आता कुणाशी बोलू नकोस." पेडण्याची ही मुलगी भाषांतर आणि सबटायटलचं काम करते, मदतीला एक मुलगी आहे. पर्वरीच्या एका को-वर्किंग जागेत तिनं दोन टेबलं घेतली होती. टेबलाला महिना ९,००० रुपये, म्हणजे दोघींचे १८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी. डिपॉझिट दोन महिन्यांच्या शुल्काएवढं, ३६,००० रुपये, त्यावर जीएसटी नाही. हा जीएसटी नसलेला आकडा पुढं फार कामाला आला.

करार १ जून २०२४ ते ३० एप्रिल २०२५, असा अकरा महिन्यांचा. त्यातले पहिले सहा महिने लॉक-इन, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत सोडता येणार नाही. त्यानंतर दोघांपैकी कुणीही ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. भाचीनं ९ डिसेंबरला मेलवर नोटीस दिली, ८ जानेवारीला जागा सोडली आणि जानेवारीचं पूर्ण महिन्याचं बिलही भरलं. जागा सोडल्यावर ४५ दिवसांत डिपॉझिट परत, असं करारात होतं. तो दिवस २२ फेब्रुवारीचा. पैसे आले नाहीत. २५ फेब्रुवारीला मेल आली, आणि तिच्यात वर दिलेलं वाक्य होतं.

नोटीस तिनं नोव्हेंबरमध्येच दिली असती तर गोष्ट अवघड झाली असती. करारातले शब्द 'लॉक-इन संपल्यानंतर ३० दिवसांची नोटीस देऊन' असे होते. नोटीस लॉक-इनमध्ये देऊन ३० नोव्हेंबरला बाहेर पडता येतं, की नोटीसच मुळी लॉक-इन संपल्यावर द्यायची, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. ती थांबली, तिचा एक महिना जास्त गेला, पण समोरच्याला तिथं बोट ठेवायला जागा राहिली नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत निम्मी भांडणं या एका महिन्याच्या घाईतून निघतात.

माझ्याकडे येण्याआधी तिनं एक पत्र पाठवलं होतं. दोन पानांचं. त्यात एसी बंद असायचा, इंटरनेट तुटायचं, मीटिंग रूम मिळायची नाही, मॅनेजर उद्धटपणे बोलला, आणि शेवटी 'माझे पैसे ताबडतोब परत करा नाहीतर मी सगळीकडे लिहीन'. एकूणएक गोष्ट खरी होती. तरी त्या पत्रानं तिचं नुकसान केलं. उत्तर देणाऱ्याला निवड मिळाली: त्यानं इंटरनेटच्या तक्रारीवर चार ओळी लिहिल्या, एसीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि डिपॉझिटबद्दल पुन्हा तेच एक वाक्य टाकलं. शिवाय सेवेच्या तक्रारी पुढं केल्यानं असं चित्र तयार झालं की ती नाराज होऊन मध्येच निघून गेली. ती तर कराराप्रमाणे नोटीस देऊन गेली होती. डिपॉझिट मागणाऱ्या पत्रात गैरसोयी आणू नयेत, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. गैरसोयींची भरपाई हवी असेल तर ती वेगळी मागणी आहे आणि तिचे पुरावेही वेगळे.

मग करार वाचायला बसलो. जप्तीसाठी त्यांनी अकराव्या कलमाचा आधार घेतला होता. त्यांच्या मेलमध्ये ते कलम असं दिलं होतं: 'सभासदानं मुदत संपण्याआधी जागा सोडल्यास डिपॉझिट जप्त होईल.' करारातलं मूळ वाक्य असं होतं: 'सभासदानं या कराराचा भंग करून मुदत संपण्याआधी जागा सोडल्यास डिपॉझिट जप्त होईल.' चार शब्द गळले होते. मुद्दाम की चुकून, ते मला ठाऊक नाही आणि पत्रात मी तो आरोप केलाही नाही. पण सगळं प्रकरण त्या चार शब्दांवर उभं होतं. पाचव्या कलमानं दिलेल्या हक्काप्रमाणे नोटीस देऊन बाहेर पडणं म्हणजे करार पाळणं. पाळण्याला भंग म्हणता येत नाही. अकराव्या कलमाचा अर्थ त्यांच्यासारखा लावला, तर पाचवं कलम कागदावर नुसतं शोभेला राहतं. लॉक-इन सहा महिन्यांचा आहे असं सांगून मेंबर घ्यायचा आणि अकरा महिने बांधून ठेवायचा, असा त्याचा अर्थ होईल.

समजा ते चार शब्द करारात नसते, तर? बऱ्याच छापील करारांत नसतातच. तरी वाट बंद होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडला गेला तरी समोरच्याला मिळते ती 'वाजवी' भरपाई, आणि करारात लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा असते. कैलासनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नुकसान झालेलंच नसेल तर या कलमाखाली भरपाई उभी राहत नाही. म्हणून पत्रात एक साधा प्रश्न विचारायचा: माझ्या जाण्यानं तुमचं नक्की किती नुकसान झालं, आणि ते कशावरून? एक महिन्याची नोटीस मिळालेली, महिनाभराचं शुल्क मिळालेलं, आणि टेबलं दुसऱ्याला देण्यासारखी, अशा स्थितीत या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं.

पत्र कुणाला लिहायचं, यात लोक हमखास चुकतात. दारावर पाटी असते ती ब्रँडची. करार आणि बिल मात्र एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या किंवा एलएलपीच्या नावानं असतं. भाचीचं पहिलं पत्र पाटीवरच्या नावानं गेलं होतं. दुसरं पत्र बिलावर ज्या कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक होता तिच्या नावानं, तिच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर लिहिलं, आणि प्रत पर्वरीच्या केंद्राला दिली. नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून सापडतो. तेव्हा, मार्च २०२५ मध्ये, रजिस्टर पोस्ट पोचपावतीसह करता आलं. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्यानं ती सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे, त्यामुळं आता स्पीड पोस्टच करायचं आणि काउंटरवर पोचपावती मागून घ्यायची. त्याच दिवशी तेच पत्र पीडीएफ करून मेलवरही पाठवलं, म्हणजे 'आम्हाला काही मिळालंच नाही' हे म्हणायला जागा राहिली नाही.

पत्र इंग्रजीत गेलं, कारण कंपनीचं मुख्य कार्यालय गोव्याबाहेर होतं. त्यातला मजकूर असा:

"दिनांक १० मार्च २०२५

विषय: ३५,२५० रुपये सुरक्षा ठेव परत मिळण्याबाबत

महोदय,

१ जून २०२४ च्या करारानुसार मी आपल्या पर्वरी केंद्रात दोन टेबलं घेतली होती आणि ३६,००० रुपये सुरक्षा ठेव भरली होती (पावती सोबत).

कलम ४ प्रमाणे सहा महिन्यांचा लॉक-इन ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपला. कलम ५ प्रमाणे मी ९ डिसेंबर २०२४ रोजी मेलद्वारे ३० दिवसांची नोटीस दिली. नोटिशीची मुदत ८ जानेवारी २०२५ रोजी संपली आणि त्याच दिवशी मी जागा सोडली. आपल्या केंद्रानं सही केलेली हस्तांतरण नोंद सोबत जोडली आहे. जानेवारी महिन्याचं पूर्ण शुल्क भरलं आहे. माझ्याकडे काही येणं बाकी असल्याचं आपण आजवर कळवलेलं नाही.

माझ्याकडून एक अ‍ॅक्सेस कार्ड हरवलं. आपल्या दरपत्रकाप्रमाणे त्याचे ७५० रुपये ठेवीतून वजा करण्यास माझी हरकत नाही. उरलेले ३५,२५० रुपये कलम ९ प्रमाणे २२ फेब्रुवारी २०२५ पर्यंत मला मिळायला हवे होते.

आपल्या २५ फेब्रुवारीच्या मेलमध्ये कलम ११ चा आधार दिला आहे. करारातील कलम ११ 'या कराराचा भंग करून' जागा सोडणाऱ्याला लागू होतं. ते कलम पूर्ण स्वरूपात सोबत जोडलं आहे. कलम ५ मधील हक्क वापरणं हा कराराचा भंग नाही. तरीही आपलं काही नुकसान झाल्याचं आपलं म्हणणं असेल, तर त्याची रक्कम आणि पुरावा कृपया कळवावा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ३५,२५० रुपये पुढील खात्यात जमा करावेत. तसं न झाल्यास २३ फेब्रुवारी २०२५ पासून रक्कम मिळेपर्यंत द.सा.द.शे. १२ टक्के व्याजासह ही रक्कम मिळवण्यासाठी मी उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन."

खाली बँक खातं, सही आणि जोडलेल्या कागदांची नावं. बस.

हरवलेल्या कार्डाचे ७५० रुपये आपणहून वजा करायला भाची तयार नव्हती. "त्यांनी मागितलेच नाहीत, मग मी का देऊ?" मी ते ठेवायला लावले. जो माणूस स्वतःच्या चुकीचे पैसे आपणहून काढून ठेवतो त्याचा बाकीचा हिशोब कंपनीला आणि आयोगालाही खरा वाटतो. शिवाय समोरच्यानं नंतर कार्डाचा मुद्दा काढला असता तर पुन्हा पंधरा दिवस गेले असते.

व्याजाबद्दल ते म्हणणार होते की करारातच 'ठेवीवर व्याज मिळणार नाही' असं लिहिलं आहे. ते वाक्य ठेव त्यांच्याकडे रीतसर असण्याच्या काळापुरतं आहे. परत देण्याची तारीख उलटल्यावर ती रक्कम ठेव राहत नाही, थकबाकी होते. १९७८ च्या व्याज कायद्यात अशा थकबाकीवर व्याज देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि लेखी मागणीत व्याज मागितल्याचा तिथं उपयोग होतो. ३५,२५० रुपयांवर १२ टक्क्यांनी दिवसाला साडेअकरा रुपयांच्या आसपास होतात. पैशाच्या दृष्टीनं क्षुल्लक, पण पत्रात ते नसेल तर ते मागायचं राहूनच जातं.

१९ मार्चला उत्तर आलं. जप्तीचा उल्लेख नव्हता, कलम ११ चाही नाही. आता म्हणणं असं होतं: रंगकाम आणि सखोल साफसफाईचे १२,००० रुपये वजा करून २३,२५० रुपये देऊ, मात्र 'पूर्ण आणि अंतिम समझोता' असं लिहून द्यावं. भाचीला मोह झाला. मला तो समजतो, कारण तेवीस हजार हातात पडत होते आणि ती तीन महिने यात अडकली होती.

पण हा खर्च कुठून आला? ८ जानेवारीला केंद्राच्या माणसानं सही करून दिलेल्या नोंदीत 'टेबलं, खुर्च्या, भिंत ठीक' अशी खूण होती. त्याच दिवशी तिनं काढलेले सहा फोटो त्याच संध्याकाळी मेलवर गेले होते. जागा सोडताना फोटो काढणं सगळे करतात. ते त्याच दिवशी समोरच्याला मेलवर पाठवणारे थोडे, आणि तारीख सिद्ध करणारी तीच मेल असते. पुढं आयोगात द्यायचं झालं तर मेलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं, म्हणून मूळ मेल पुसायची नाही.

उत्तरात मी दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या. पहिली, ८ जानेवारीची सही केलेली नोंद पुन्हा जोडून, रंगकामाची गरज कशी पडली ते दाखवा. दुसरी, हे १२,००० रुपये तुम्ही मला दिलेल्या सेवेचं शुल्क म्हणून घेत असाल, तर त्याचं कर बीजक द्या. इथं तो जीएसटी नसलेला आकडा आला. जीएसटी कायद्यात सुरक्षा ठेव ही मोबदला मानली जात नाही, म्हणून ती घेताना कर लागत नाही. पण पुरवठादार ती रक्कम सेवेच्या मोबदल्यात वळवतो तेव्हा ती मोबदला होते आणि त्यावर कर लागतो. साफसफाईचं शुल्क घेतलं तर बीजक काढावं लागेल, कर भरावा लागेल, आणि नसलेल्या कामाचं बीजक काढायला कोणत्याही कंपनीचा हिशोबनीस तयार होत नाही. ही धमकी नव्हती. त्यांच्याच लेखा विभागाला ज्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार होतं तोच आम्ही आधी विचारला.

'पूर्ण आणि अंतिम' लिहून द्यायला मात्र तिला नाही म्हणायला लावलं. त्यांनी २३,२५० रुपये आपणहून खात्यात टाकले असते तर घ्यायला हरकत नव्हती, पण त्याच दिवशी मेल करायची की ही अंशतः रक्कम मिळाली, उरलेल्या १२,००० रुपयांवरचा माझा हक्क कायम आहे. ती सही झाली असती तर उरलेल्या रकमेसाठी जवळपास दार बंदच झालं असतं.

त्या काळात तिनं मला विचारलं, "त्यांच्या करारात लवाद आहे, तोही बेंगळुरूला. आपण इथं आयोगात जाऊ शकतो का?" जाऊ शकतो. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार देता येते, म्हणजे पेडण्याच्या माणसाला बेंगळुरूला जावं लागत नाही. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वेळ दोन वर्षांचा.

खरा अडसर वेगळा आहे. 'व्यावसायिक हेतूनं' सेवा घेणारा या कायद्यात ग्राहक नसतो. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली सेवा त्या अपवादात बसत नाही. भाची स्वतः भाषांतर करून पोट भरते, तिची बाजू त्यामुळं बरी होती. वीस माणसांची कंपनी वीस टेबलं घेऊन बसली असती तर मी आयोगाचं नाव पत्रात लिहिलंच नसतं. तिथं दिवाणी दाव्याचा किंवा लवादाचा रस्ता धरावा लागतो, आणि ३५ हजारांसाठी तो खर्चाला परवडतो की नाही याचा विचार आधी करावा लागतो.

आमच्याकडे एक समज अजून ऐकू येतो की गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता आहे, म्हणून पैसे मागायची मुदत फार लांब आहे. कुटुंब आणि वारसा याबाबत ती परंपरा चालू असली, तरी करारातल्या पैशाला भारतीय मुदत कायदाच लागतो. सिंडिकेट बँक विरुद्ध प्रभा नाईक या गोव्यातूनच गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये हे सांगितलं. दिवाणी दाव्याला तीन वर्षं धरून चालायचं. अर्थात समोरच्यानं त्या मुदतीत लेखी कबुली दिली तर ती मुदत पुन्हा नव्यानं सुरू होते. १९ मार्चच्या त्यांच्या मेलमध्ये २३,२५० रुपये देणं असल्याचं होतं, म्हणून तीही आम्ही जपून ठेवली.

२ एप्रिलला दुपारी भाचीचा संदेश आला. खात्यात ३५,२५० रुपये एनईएफटीनं जमा झाले होते. १२,००० च्या बीजकाबद्दल किंवा रंगाबद्दल एक ओळही आली नाही. व्याज मिळालं नाही. साडेचारशेच्या आसपास रुपये होत होते. ते मागायचे का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझा हक्क आहे, तू ठरव. तिनं मागितले नाहीत. त्यांना एक मेल केली: रक्कम मिळाली, धन्यवाद, ३५,२५० रुपयांबद्दल माझी आता मागणी नाही. मग तिनं नवी जागा बघायला सुरुवात केली, आणि करार सही करण्याआधी माझ्याकडे आणून ठेवला. अकरावं कलम कुठं आहे ते तिनं आधीच पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं.